छताला पीसीएम लावायचंय? आधी पहाटेचं तापमान मोजा

आमच्या मोरीतल्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली असते. डिसेंबरात ती पांढरीफेक घट्ट होते, आंघोळीआधी गरम पाण्याच्या तांब्यात धरावी लागते. जानेवारीत दुपारी पातळ आणि पहाटे घट्ट असा तिचा रोजचा खेळ चालतो. मार्च उजाडला की ती जी पातळ होते ती थेट दिवाळी उलटेपर्यंत. भिंतीत आणि छतात बसवायच्या 'फेज चेंज मटेरियल'बद्दल, म्हणजे पीसीएमबद्दल, जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला जे कळायला हवं ते जवळजवळ सगळं या बाटलीत आहे. तेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. वितळताना उष्णता पितं, गोठताना तीच परत सोडतं. मार्चनंतर मोरी २५ च्या खाली फारशी उतरत नाही, म्हणून ते गोठत नाही, आणि न गोठलेलं तेल दुसऱ्या दिवशी नवीन उष्णता पिऊ शकत नाही.

गेल्या दोन उन्हाळ्यांत घर बांधणाऱ्या चार-पाच जणांनी मला विचारलं, 'ते मेणाचे पॅनल लावले तर एसी लागणार नाही म्हणतात, खरं का?' त्यांना जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितो. उदाहरणासाठी एकच खोली धरू: वरच्या मजल्यावरची, १० बाय १२ फुटांची, डोक्यावर ५ इंची उघडा स्लॅब. खान्देशात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त शिव्या खाणारी खोली हीच.

ते उष्णता कुठे ठेवतं

शाळेत 'अप्रकट उष्मा' पाठ केला होता, तोच इथे कामाला येतो. बर्फ वितळत असेपर्यंत पेल्यातलं पाणी शून्यावरच थांबतं. उष्णता आत जात असते, पण तापमापीला पत्ता नसतो. पॅराफिन मेणाचं तसंच. एक किलो मेण वितळताना साधारण १८० किलोज्यूल उष्णता घेतं आणि तेवढा वेळ आपल्या वितळांकाजवळ अडून बसतं. वितळांक २९ चा निवडला, तर खोली ३६ कडे निघालेली असताना छताचा पृष्ठभाग २९-३० वर रेंगाळतो, आणि अंगाला गारवा जाणवतो तो त्या छतामुळे.

यात नवं काय, असं जुन्या धाब्याच्या घरात वाढलेला माणूस विचारेल, आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे. दीड-दोन फुटी मातीची भिंतही उष्णता साठवतेच. फरक असा, की माती किंवा काँक्रीट स्वतः तापत तापत साठवतं. आपल्या ५ इंची स्लॅबचा एक चौरस मीटर सुमारे ३०० किलोचा. तो एका अंशाने तापायला २६५ च्या आसपास किलोज्यूल लागतात. सहा किलो मेण वितळून जेवढं घेतं तेवढंच घ्यायला हा स्लॅब चार अंशांनी तापतो. सहा किलो मेणाचा थर जेमतेम सात-आठ मिलिमीटर जाड, एवढ्याशा जागेत ते काम होतं, हे पीसीएमचं खरं कौतुक. मात्र आकडा उलटा वाचला तर एवढंच निघतं, की रात्री नीट निवलेला साधा स्लॅबही काही कमी साठवत नाही. ज्याच्या घरी जाड मातीच्या भिंती शाबूत आहेत त्याने पीसीएमच्या वाटेला जाऊ नये.

पायरी पहिली: पहाटे साडेपाचला उठा

विक्रेत्याला फोन करण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांचा डिजिटल तापमापी घ्या आणि खोलीत छतापासून वीतभर खाली टांगा. भिंतीला चिकटवू नका, भिंत स्वतःचं तापमान सांगत बसते. आठ दिवस दोनच नोंदी करा: दुपारी चार आणि पहाटे साडेपाच. जमलं तर एप्रिलच्या मध्यात एकदा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. पेपरात 'जळगाव, किमान २३' वाचतात आणि तोच आकडा धरून चालतात. तो बाहेरच्या मोकळ्या हवेचा असतो. तुमच्या खोलीवर दिवसभर भाजलेला स्लॅब आहे. तो संध्याकाळी आत उष्णता सोडायला लागतो आणि मध्यरात्र उलटली तरी सोडतच असतो. गच्चीवर खाटा टाकून झोपायची आपली पद्धत याच स्लॅबपायी टिकून आहे. बाहेर २३ असताना खिडक्या लावलेली खोली पहाटे २७ किंवा त्याहून वर असणं अगदी नेहमीचं.

पहाटेचा आकडा २४ च्या आसपास असेल तर पुढे वाचा. २८ च्या वर असेल तर आधी रात्रीची हवा आत कशी येईल ते बघा. मच्छरदाणीच्या जाळीची खिडकी आणि समोरच्या भिंतीत एक एक्झॉस्ट, रात्री अकरा ते सकाळी सहा चालू. या सोयीशिवाय पीसीएम बसवणं म्हणजे टाकी भरायची आणि तोटी बसवायचीच नाही, असा प्रकार.

पायरी दुसरी: वितळांक ठरवा

पहाटेच्या नोंदीत पाच-सहा अंश मिळवा. तो आकडा दुपारच्या नोंदीपेक्षा किमान चार-पाच अंशांनी खाली यायला हवा. दोन्ही बाजूंना अंतर राहिलं तरच पदार्थ दुपारी वितळेल आणि रात्री गोठेल.

पहाट २४ आणि दुपार ३६ असेल तर २९-३० चा माल जुळतो. युरोपात भिंतीसाठी जो माल निघतो त्याचा वितळांक सहसा २१ ते २६ च्या मध्ये असतो. तिथल्या घरांना तो ठीक. आपल्याकडे एप्रिलमध्ये तो खोबरेलाच्या बाटलीसारखा पातळ पडून राहील. माहितीपत्रकावरचे आलेख कितीही देखणे असोत, आधी ते कुठल्या गावच्या हवेचे आहेत ते बघा.

'मग मे महिन्यासाठी ३२-३३ चा घेऊ' असं कोणी म्हणेल. घेता येतो. मेमध्ये तो रात्री गोठेलही. पण मार्चमध्ये खोली ३२ ओलांडेपर्यंत तो नुसता दगडासारखा बसून राहील, आणि मेमध्ये छत ३३ ला धरून ठेवण्यातलं सुख मर्यादितच. एक पदार्थ सगळा उन्हाळा सांभाळत नाही. माझं मत विचाराल तर एप्रिल धरून २९ चा घ्यावा आणि मेचे शेवटचे पंधरा दिवस त्याच्याकडून अपेक्षाच ठेवू नये.

पायरी तिसरी: हिशेब, कागदावर

खोलीचं छत १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ६ किलो मेण धरलं तर ६६ किलो. गुणिले १८० केलं की सुमारे ११,९०० किलोज्यूल होतात. विजेच्या भाषेत ३.३ युनिट उष्णता.

आता या ३.३ युनिटचं वजन तोलून बघा. दीड टनी एसी पूर्ण जोरात चालला तर तेवढी उष्णता ३७-३८ मिनिटांत बाहेर फेकतो. पाणी वाफ होताना मेणाच्या तेरापटीहून जास्त उष्णता घेतं, लिटरला सुमारे २,४०० किलोज्यूल. तेव्हा ६६ किलो मेण दिवसभरात जे करतं ते पाच लिटर पाणी उडून जाताना करतं. आपला मोठा डेझर्ट कूलर तेवढं पाणी तासाभरात सहज पितो. कूलरची गार हवा बरीचशी खिडकीतून निघून जाते, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर स्वस्तात जे देतो त्याच्याशी पीसीएमची गाठ आहे, हे हिशेबात धरायलाच हवं. पाण्याची टंचाई असलेल्या गल्लीत हा हिशेब थोडा फिरतो, तेही खरं.

दुसरा हिशेब रात्रीचा, आणि पॅनल फसतात ते याच हिशेबात. छताखालचा गरम पृष्ठभाग खोलीला उष्णता फार सावकाश देतो, कारण गरम हवा वरच चिकटून राहते. एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे साधारण ६ वॉट धरा. छतात दर चौरस मीटरला साठलेत १,०८० किलोज्यूल. खोली रात्रभर २३ ला राहिली तर २९ च्या पॅनलशी फरक ६ अंशांचा. म्हणजे ३६ वॉट, आठ तासांत सुमारे १,०४० किलोज्यूल. पॅनल जवळजवळ पूर्ण गोठलं. खोली २७ ला राहिली तर फरक २ अंशांचा, १२ वॉट, आठ तासांत साधारण ३५०. एक तृतीयांश गोठलं, बाकीचं पातळच. दुसऱ्या दिवशी तुमच्या ६६ किलोंपैकी २२ किलोच कामावर हजर. पंखा चालू ठेवला तर थोडी भर पडते. पहाटेची खोली ३० ला असेल तर काहीच गोठत नाही, आणि मेअखेरीस बंद खोलीत हेच होतं.

पायरी चौथी: जागा, आणि त्याआधीचा चुना

उघडा सिमेंटी स्लॅब ऊन मोठ्या प्रमाणात शोषतो. एप्रिलच्या दिवशी त्यातून दर चौरस मीटरला अर्ध्या युनिटच्या आसपास उष्णता खाली उतरू शकते. ११ चौरस मीटरला साडेपाच युनिट झाली आणि साठवण फक्त ३.३. म्हणजे दुपारीच पॅनल भरून जाणार आणि उरलेला दिवस ते नसल्यासारखं. म्हणून पहिला खर्च गच्चीवर करा. पांढरा चुना किंवा परावर्तक रंग लावला की स्लॅबमधून उतरणारी उष्णता निम्म्याहून खाली येते. आपल्याकडची धूळ आणि वाळवणाच्या खाटा-चादरी धरून तो रंग दरवर्षी धुवावा लागतो, पावसानंतर पुन्हा मारावा लागतो. पुष्कळ घरांचं काम इथेच भागतं आणि पीसीएमचा विषय आपोआप मागे पडतो.

तरीही लावायचंच असेल तर पॅनल खोलीच्या बाजूला, उघडं हवं. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवणं बरं, कारण पत्रा उष्णता चटकन पोचवतो. पॅनल आणि स्लॅब यांच्या मध्ये थर्माकोलसारखा उष्णतारोधक थर द्या, म्हणजे पॅनल खोलीची उष्णता पिईल, सूर्याची नव्हे. उलटं बसवलेलंही मी पाहिलं आहे: पॅनल वर, त्याखाली थर्माकोल, त्याखाली जिप्समचं शोभेचं छत. खोलीला त्या पॅनलचा स्पर्शच नाही. मालक म्हणत होते, 'काही फरक पडला नाही.' कसा पडणार?

थर पातळ ठेवा, सेंटिमीटरच्या आत. मेण उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. रात्री बाहेरची कड आधी गोठते आणि तीच साल आतल्या पातळ मेणाला गोधडीसारखी पांघरते. तीन सेंटिमीटरच्या पॅनलमधलं मधलं मेण कित्येकदा दिवसेंदिवस कामच करत नाही, पण पैसे त्याचेही मोजलेले असतात.

भिंतीपेक्षा छत बरं, याचं कारण घरगुती आहे. भिंतीसमोर कपाट येतं, कॅलेंडर येतं, आणि कोणीतरी फोटोसाठी खिळा ठोकतं.

पायरी पाचवी: मेण की मीठ

मेण गळलं तर तेलकट डाग पडतो, त्याहून मोठा त्रास नाही. हजारो वेळा वितळून-गोठूनही ते तसंच राहतं. त्याचा दोष एकच आणि मोठा: ते जळतं. वायरिंग आणि दिव्यांपासून दूर ठेवा, आगीच्या चाचणीचा कागद मागा.

दुसरी जात क्षारांच्या हायड्रेटची, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मिठांची. कॅल्शियम क्लोराइडचं असं मीठ २९-३० अंशांना वितळतं, आपल्याला हवं तिथेच. ते पेटत नाही, मेणापेक्षा स्वस्त आणि त्याच जागेत जास्त उष्णता घेणारं. पण त्याची वागणूक बिघडू शकते. गोठायची वेळ आली तरी कधी ते गोठतच नाही, वितळांकाच्या कितीतरी खाली जाऊनही पातळ राहतं. पहाट २४ पर्यंत उतरली आणि त्याला गोठायला २२ लागत असेल, तर ती पहाट वाया. यासाठी त्यात स्ट्रॉन्शियमच्या क्षारासारखं विरजण घालतात. दुसरी खोड वेगळं होण्याची: वितळताना जड भाग तळाशी बसतो, पाणी वर राहतं, पुन्हा गोठताना दोघांची नीट गाठ पडत नाही, आणि दरवेळी साठवण थोडी घटत जाते.

ही खोड जुनी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावी मारिया टेल्केस या शास्त्रज्ञ बाईंनी ग्लॉबर मिठाच्या पिंपांत उन्हाची उष्णता साठवून एक घर हिवाळ्यात उबदार ठेवलं. ग्लॉबर मीठ ३२ अंशांना वितळतं. दोन-तीन हिवाळे भागलं, मग मीठ थरांत वेगळं झालं, पिंपं गंजली, आणि घराला साधी भट्टी बसवावी लागली. तेव्हापासून मिठाला घट्ट करणारे पदार्थ घालून बरीच सुधारणा झाली आहे, तरी हाच प्रश्न विचारायचा: किती फेऱ्यांनंतर किती साठवण उरली, याचा चाचणी अहवाल आहे का?

माझा स्वतःचा अनुभव चार पॅनलांचा. प्लास्टिकच्या चपट्या डब्यांत मीठ भरलेलं, एकाची शिवण बारीकशी उकललेली. उन्हाळ्यात कळलंच नाही. जुलैत छताच्या एका कोपऱ्यात ताटलीएवढा ओला डाग आला. स्लॅब गळतोय समजून मिस्तरीला गच्चीवर पाठवलं, त्याने दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. डाग वाळेना. कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे तो पावसाळाभर ओलाच राहिला. ट्रे उचलला तेव्हा त्याखालचा लोखंडी चॅनल तांबड्या भुकटीसारखा झाला होता. विकणाऱ्याने आधी 'तुमच्या स्लॅबचं पाणी' म्हणून हात झटकले. डागाला जीभ लावली असती तर मिस्तरीची मजुरी वाचली असती, खारट कडवट लागतं.

पायरी सहावी: नमुना घरी तपासा

सगळा माल घेण्याआधी दोनशे-तीनशे ग्रॅमची एक पिशवी मागा. नमुना द्यायला कां-कूं करणाऱ्याचा माल घेऊ नका. पिशवी ४० अंशांच्या पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या. मग पुसून, तिला तापमापीची टोकदार सळई चिकटवा, वरून कापडाची घडी बांधा आणि पहाटेच्या तुमच्या आकड्याएवढ्या गार पाण्याच्या बादलीत पिशवी सोडा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा.

चांगल्या मालात तापमान भराभर उतरतं आणि २९ च्या आसपास बराच वेळ अडतं. ही अडून बसण्याची वेळ म्हणजेच तुम्ही विकत घेतलेली वस्तू. तापमान न अडता सरळ बादलीच्या पाण्यापर्यंत गेलं आणि पिशवी हाताला लिबलिबीतच लागली, तर माल गोठायला नाखूश आहे. कधी तापमान २५ पर्यंत उतरून अचानक २८ वर उडी मारतं. तोही तोच दोष, फक्त उशिरा जाग आलेला. आणि ते ३१ पासून २६ पर्यंत कुठेच न थांबता मंद उतरत राहिलं, तर 'वितळांक २९' हा छापील आकडा एका लांबलचक पट्ट्याचा मधला बिंदू आहे. अशा मालाला रात्री आणखी दोन-तीन अंश थंडी लागते, आणि आपल्याकडे तुटवडा नेमका त्याच दोन-तीन अंशांचा.

हीच तपासणी वीस वेळा करा. कंटाळवाणं आहे, पण पोरांना सुट्टीत लावून देण्यासारखं काम आहे. पहिल्या आणि विसाव्या वेळची अडण्याची वेळ शेजारी लिहा. मिठाच्या मालात त्यात घट दिसली तर पिशवी परत करा.

शेजारचे नाना हे सगळं बघून गेले. पिशवी हातात घेऊन दाबली, म्हणाले, 'भाऊ, हाई मेण शे का?' म्हटलं, हो. 'आणि रात्री थिजलं नाही तर?' म्हटलं, मग दुसऱ्या दिवशी ओझं. ते हसले आणि गच्चीवर चुना मारायला कोणता ब्रश बरा ते विचारायला लागले. त्यांच्या खोलीची मेमधली पहाटेची नोंद ३१ होती.